गुरुवारी बसणारा आवाज

वाचकाचा प्रश्न

मी २७ वर्षांची आहे. ऐरोलीत एका बँकेच्या क्रेडिट कार्ड हेल्पलाइनवर तीन वर्षं काम करते. मराठी-हिंदी प्रोसेस, शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा, दिवसाला पंचाहत्तरच्या आसपास कॉल. गेले चार महिने गुरुवार उजाडला की आवाज बसायला लागतो, शुक्रवारी पार फाटतो. आधी सोमवारपर्यंत ठीक व्हायचा, आता पाच आठवडे झाले, सोमवारीही घोगराच असतो. रविवारी मी दिवसभर कुजबुजतच बोलते, गरम पाणी पिते, शिफ्टमध्ये पुदिन्याच्या गोळ्या चघळते. फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, त्या दोन महिने घेतल्या. संध्याकाळनंतर डोळे चुरचुरतात म्हणून ब्लू-कट चष्मा केला. मान आणि उजवा खांदा दुखतो म्हणून पाठीला उशी घेतली. आई म्हणते, तुझा घसाच मुळात नाजूक. हे क्षेत्र सोडून द्यावं का?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

नोकरीचं शेवटी बघू. त्याआधी एक काम याच आठवड्यात उरका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि स्वरयंत्र दुर्बिणीतून पाहून घ्या. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ सोमवारची आहे. दोन दिवस विश्रांती मिळाल्यावर आवाज परत येत होता तोवर तो थकवा होता. आता विश्रांतीनंतरही येत नाही, म्हणजे स्वरतंतूंवर काहीतरी टिकून बसलं असण्याची शक्यता आहे. सर्दी-खोकला नसताना घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की आत पाहायलाच हवं. तुमचे पाच झाले आहेत.

तपासणीची भीती बाळगू नका. नाकातून बारीक, लवचीक नळी किंवा तोंडातून कडक दुर्बीण घालून ओपीडीतच काही मिनिटांत ती होते. फार तर बधिर करणारा फवारा मारतात. सोय असेल तर ‘स्ट्रोबोस्कोपी’ होईल का, एवढं विचारा. त्यात लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे स्वरतंतूंची हालचाल सावकाश झाल्यासारखी दिसते आणि साध्या दुर्बिणीत निसटणारी सूजही कळते. बहुधा सूज निघेल, किंवा दोन्ही तंतूंवर समोरासमोर, पुढच्या एक तृतीयांश भागाच्या शेवटी, घट्ट्यासारख्या लहान गाठी. खूप बोलणाऱ्यांत या गाठी नेहमीच्याच. नव्या आणि मऊ असतील तर आवाजाच्या उपचारांनी, म्हणजे व्हॉइस थेरपीने, त्या बऱ्याचदा कमी होतात. पहिल्याच भेटीत कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्या. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, या ठिकाणी वाचा-श्रवण उपचारांचं शिक्षणच दिलं जातं, तेव्हा थेरपिस्ट शोधायला तिथून सुरुवात करता येईल.

अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांना दोष देत नाही. तुम्हाला छातीत जळजळ, आंबट ढेकर असा त्रास असेल तर त्या गोळ्यांना अर्थ आहे. पण नुसत्या घोगरेपणावर, घसा दुर्बिणीने न पाहता त्या सुरू करू नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ची मार्गदर्शिका सांगते. दोन महिन्यांत फरक पडला नाही, हेही एक उत्तरच आहे.

गिळताना दुखणं, श्वास घेताना अडकल्यासारखं वाटणं, थुंकीत रक्त, मानेत गाठ यातलं काहीही असेल तर आठवडाही थांबू नका. आणि कॉलवर जोरात बोलताना आवाज अचानक, एका क्षणात गेला तर लॉगआउट करून गप्प बसा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तंतूमधली रक्तवाहिनी फुटल्याचं ते लक्षण असू शकतं.

आता ‘घसाच नाजूक’ या आईच्या मताकडे येऊ. हाच घसा या हेल्पलाइनवर दोन वर्षं आठ महिने विनातक्रार चालला. मग चार महिन्यांपूर्वी बदललं काय? जागा बदलली? हेडसेट बदलला? शेजारची रिकामी रांग भरली? कॉल वाढले, की स्क्रिप्टमध्ये नव्या ओळी घुसल्या? पत्रात यातलं काहीच नाही, आणि माझ्या मते खरं उत्तर तिथेच सापडेल. आज रात्री कागदावर लिहून काढा.

एक ढोबळ हिशेब मांडू. पंचाहत्तर कॉल, सरासरी पाच मिनिटांचे, म्हणजे ३७५ मिनिटं. त्यातली निम्मी ग्राहकाची. तुमच्या वाट्याच्या वेळात श्वास, विराम आणि ‘स’, ‘प’, ‘ट’ यांसारखी तंतू न हलवणारी व्यंजनं वजा केली तर प्रत्यक्ष कंपनं साधारण ९५ मिनिटं चालतात. बाईच्या आवाजात स्वरतंतू सेकंदाला सुमारे दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. झाले दिवसाला अकरा लाखांच्या वर आघात. आवाज चढवला की स्वरही चढतो. तो सेकंदाला २४० वर गेला, तर तेवढंच बोलण्यात आघात साडेतेरा लाखांवर जातात, शिवाय प्रत्येक आघात जास्त जोराचा. बोलणं तर कमी करता येणार नाही. चढवणं मात्र थांबवता येतं, आणि ते बरंचसं घशात नव्हे, कानात ठरतं.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोम्बार यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं. ही सवय नाही, प्रतिक्षिप्त क्रिया आहे. त्यामुळे ‘हळू बोल’ असं स्वतःला बजावून ती फार वेळ आवरत नाही. तुमचा हेडसेट एका कानाचा असेल, तर दुसऱ्या कानात अख्खा फ्लोअर ओतला जातोय. दुपारी दोनला फ्लोअर शांत असतो, संध्याकाळी सहानंतर भरतो. एक बोलणारी आवाज चढवते, तिच्यामुळे शेजारची, तिच्यामुळे पुढची. म्हणून पहिली मागणी दोन्ही कान झाकणाऱ्या हेडसेटची. टीम लीडरची, म्हणजे टीएलची, हाक ऐकू येणार नाही अशी हरकत घेतली जाते; खांद्यावर टपली मारायची पद्धत पाडली की तीही सुटते.

दोन्ही कान झाकले की नवी अडचण येते. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, आणि मग माणूस पुन्हा मोठ्याने बोलतो. यासाठी हेडसेटमध्ये ‘साइडटोन’ असतो, म्हणजे माइकमधला तुमचाच आवाज थोडासा तुमच्या कानात परत सोडणं. तो बंद किंवा फार कमी असेल तर आवाज चढतो, पुरेसा असेल तर आपोआप उतरतो. सेटिंग हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, आणि तुमच्या मशिनवर ते कुलूपबंद असणार. आयटीला तिकीट टाका आणि त्यात ‘साइडटोन’ हा शब्द लिहा. नुसतं ‘हेडसेट नीट नाही’ लिहिलंत तर तसलाच दुसरा आणून देतील.

तिसरी गोष्ट माइकची दांडी. तिचं टोक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं दूर आणि खालच्या ओठापेक्षा किंचित खाली हवं. अगदी तोंडासमोर ठेवलं तर श्वासाचा फुस्कारा जातो आणि ग्राहक ‘आवाज फाटतोय’ म्हणतो. हनुवटीखाली घसरलं तर ‘आवाज येत नाही’ म्हणतो, आणि तुम्ही दांडी वर करण्याऐवजी आवाज वर करता. फ्लोअरवरच्या दहा दांड्या पाहा, सहा-सात हनुवटीखाली दिसतील. टोकावरचा फोम ओला, कडक झाला असेल तर बदलून घ्या, त्यातून आवाज दबतो. मशिनवर Settings > System > Sound उघडत असेल तर Input खाली माइकची पातळी पाहा. ती तीस-चाळीसवर अडकलेली असेल तर तीन वर्षं तुमचा घसा त्या पट्टीचं काम करत आलाय.

हे खरं आहे का, हे तपासायचा सोपा मार्ग आहे. बँकेच्या फ्लोअरवर मोबाइल आत नेता येत नाही, पण तुमचे कॉल रेकॉर्ड होतातच. कॉलचा दर्जा तपासणाऱ्या क्यूए विभागातल्या कुणाला एकाच दिवसाचे दोन कॉल ऐकवायला सांगा, एक दुपारी दोनच्या सुमाराचा, एक रात्री आठचा. आवाजाची पातळी बघू नका, यंत्रणा ती सारखी करून टाकते. आठच्या कॉलमध्ये सूर वर गेलाय का, वाक्याची शेपटी खरखरते का, घसा किती वेळा खाकरला, हे मोजा.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये स्क्रिप्टही ऐका. तुमच्या प्रोसेसचे शब्द पाहा: आपलं अकाउंट, ओटीपी, आउटस्टँडिंग, ऑटो-डेबिट, ईएमआय. सगळे स्वराने सुरू होणारे. थकल्यावर अशा शब्दाच्या आधी स्वरतंतू घट्ट मिटतात आणि ‘आ’ फटकन फुटतो. ‘ओटीपी’ जोर देऊन म्हणा, घशात टिचकी जाणवेल. प्रत्येक कॉलमध्ये असे वीस-पंचवीस फटके बसत असतील. उपाय असा, की तो शब्द आधीच्या शब्दाला चिकटवून म्हणायचा. ‘तुमचा । ओटीपी’ असं तोडण्याऐवजी ‘तुमचाओटीपी’ असं वाहतं. वाक्यच स्वराने सुरू होत असेल तर आधी न ऐकू येणारा किंचित ‘ह’ सोडायचा. दोन दिवस कृत्रिम वाटतं, पण ग्राहकाला फरक कळतसुद्धा नाही.

आणि ते सुरुवातीचं लांबलचक वाक्य. ‘नमस्कार बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात आपलं स्वागत आहे मी अमुक बोलतेय हा कॉल प्रशिक्षण आणि गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जातोय मी आपली काय मदत करू शकते.’ पाठ झालंय म्हणून ते एका श्वासात संपवलं जातं. शेवटच्या सहा शब्दांना हवा उरत नाही, ते घसा पिळून बाहेर पडतात. दिवसाला पंचाहत्तर वेळा. यात तीन श्वास ठरवून टाका: ‘स्वागत आहे’नंतर, ‘बोलतेय’नंतर, ‘जातोय’नंतर. मोठा श्वास ओढायची गरज नाही. क्षणभर तोंड उघडं ठेवून पोट सैल सोडलं की हवा आपसूक आत येते. प्रत्येक कॉलला दोन सेकंद वाढतात. काही शोधताना ‘फक्त एक मिनिट हं, बघते हं, सिस्टिम जरा स्लो आहे’ अशी जी भर घालता, ती कमी केली तर ते दोन सेकंद केव्हाच वसूल होतात. कॉलवर शांतता पसरली की ‘डेड एअर’ म्हणून गुण कापले जाण्याची धास्ती कळते, पण त्यासाठी होल्डचं बटण आहे. ‘दोन मिनिटं लाइनवर थांबा’ म्हणून होल्ड लावा आणि गप्प बसा. शिफ्टमध्ये खरी विश्रांती मिळते ती हीच.

रविवारच्या कुजबुजण्याबद्दल वाईट वाटेल, पण सांगतो: ती बंद करा. कुजबुजताना बऱ्याच जणांचा तंतूंच्या वरचा भाग आवळला जातो, त्यामुळे विश्रांती होतेच असं नाही. एक तर पूर्ण गप्प राहा, नाहीतर शेजारच्या उशीवरच्या माणसाशी बोलावं तशा मऊ, खऱ्या आवाजात थोडं बोला. पुदिन्याच्या गोळ्यांतला मेन्थॉल गारवा देतो आणि जाणीव बधिर करतो, मग थकलेल्या घशावर आणखी दोन तास काढले जातात. शिवाय बऱ्याच जणांचा घसा त्याने कोरडा पडतो. त्याऐवजी खडीसाखर चालेल. ज्येष्ठमध अधूनमधून ठीक, पण रोज भरपूर चघळू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर नकोच, त्याने तो वाढतो. मिठाच्या गुळण्या घशाच्या मागच्या भिंतीला आराम देतात, तंतूंपर्यंत पोचत नाहीत. पाणीही पोचत नाही, ते अन्ननलिकेत जातं. शरीरात मुरून तंतू ओलसर व्हायला वेळ लागतो. म्हणून आवाज बसल्यावर बाटलीभर ढोसण्याऐवजी शिफ्टच्या दोन तास आधीपासून घोट घोट प्या. तंतूंना थेट ओलावा मिळतो तो श्वासातून. शिफ्टआधी पाच मिनिटं साध्या पाण्याची वाफ घ्या, बाम न टाकता. भाजणार नाही इतपत अंतर ठेवा.

घसा खाकरणं मात्र मोडायलाच हवं. खाकरताना तंतू एकमेकांवर जोरात घासतात, त्यामुळे आणखी चिकटा सुटतो, त्यामुळे पुन्हा खाकरावंसं वाटतं. खाज आली की एक घोट पाणी. ते नसेल तर आवंढा गिळा, आणि तरीही राहिलं तर ओठ मिटून हलकं ‘हंम’ करा.

या सगळ्याबरोबर एक व्यायाम शिका, त्याला फार तर तीन मिनिटं लागतात. अर्धा ग्लास पाणी आणि रसाला वापरतात तसली जाड स्ट्रॉ घ्या. टोक पाण्यात दोन बोटांच्या जाडीइतकं बुडवा, ओठ घट्ट मिटा आणि ‘ऊ’ असा आवाज काढत बुडबुडे सोडा. नाकातून हवा सुटू देऊ नका. आधी एकाच सुरात, मग खालून वर आणि वरून खाली घसरत. ओठांशी अडवलेली हवा मागे दाब देते आणि तंतू कमी आपटत कंप पावतात. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत; थबकत, उसळत आले तर जोर लावताय. स्ट्रॉ फार खोल बुडवली किंवा बारीक घेतली तरी जोर लागतो. शिफ्टआधी एकदा, जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये एकदा, रात्री घरी एकदा. पहिल्या दिवशी मैत्रिणी हसतील, चौथ्या दिवशी स्ट्रॉ मागतील.

सुधारणा मोजायला पाळण्याची एखादी ओळ घ्या. सकाळी ती तुमच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा बरीच वर आणि अतिशय हळू म्हणा, झोपलेलं बाळ उठू नये इतकी. सुजलेले तंतू मोठ्या आवाजात लपून जातात, हळू आणि उंच सुरात पकडले जातात: शब्द उशिरा फुटतो, मध्येच नुसती हवा येते, सूर चिरतो. रोज सकाळी आणि शिफ्टनंतर कुठे अडकलं ते एका शब्दात टिपा.

खांदा, मान आणि डोळे ही वेगळी प्रकरणं वाटतात, पण ती याच खुर्चीतली आहेत. एकदा करून बघा: ‘ऊ’ लांबवत हनुवटी पुढे काढा. आवाज आवळलेला वाटेल. स्क्रीनवरची अक्षरं बारीक असली की हनुवटी अशीच पुढे जाते आणि तिथेच आठ तास राहते. त्यामुळे मान दुखते आणि स्वरयंत्राभोवतीचे स्नायू ताठ राहतात.

शेअर्ड सीट असेल तर रोज दुपारी आधीच्या शिफ्टच्या माणसाच्या मापात तुम्ही बसता. लॉगइनआधी दीड मिनिट द्या. आधी खुर्ची: कोपर अंगाशी ठेवून काटकोनात वाकवा आणि कोपर टेबलाच्या उंचीला येईपर्यंत खुर्ची वर घ्या. टेबलं बहुधा ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात, आपल्याकडच्या पाच फुटी बाईला ती उंचच पडतात. मग पाय लोंबकळतात. त्यासाठी फूटरेस्ट हवा, आठ-दहा सेंटिमीटरचा पुरतो. अ‍ॅडमिनच्या स्टोअरमध्ये तो असतो, मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. पाठीच्या उशीकडे आता नीट बघा. जाड असेल तर ती तुम्हाला पुढे ढकलते, आणि तुम्ही सीटच्या काठावर येता. गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं जागा उरून पाठ टेकत असेल तरच ती कामाची. उजव्या खांद्याचं कारण मात्र उशीने सुटणारं नाही, मला माउसचा संशय आहे. कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग ओलांडून माउसपर्यंत हात पसरावा लागतो. कीबोर्ड डावीकडे सरकवा, म्हणजे अक्षरांचा मध्य नाकासमोर येईल आणि माउस जवळ.

मग स्क्रीन. हात लांब केला की बोटांची टोकं टेकतील इतक्या अंतरावर. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. दोन स्क्रीन असतील तर जिच्याकडे जास्त वेळ पाहता ती नाकासमोर. आणि अक्षरं मोठी करा. ग्राहकाची माहिती दाखवणारं सीआरएम ब्राउझरमध्ये उघडत असेल तर Ctrl आणि + दाबून १२५ टक्के करा. पाठ टेकलेली असताना वाचता आलं पाहिजे, हीच परीक्षा. चाळिशी ओलांडलेल्या आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्या टीएल मंडळींची गंमत उलटी असते: चष्म्याच्या खालच्या भागातून पाहायला ते हनुवटी वर उचलतात. त्यांनी स्क्रीन आणखी खाली घ्यावी, किंवा फक्त स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करावा.

ब्लू-कट चष्म्याचे पैसे गेलेच. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये सतरा चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा निदान थोड्या काळात तरी कमी होतो असं त्यात दिसलं नाही. डोळे निळ्या प्रकाशाने नव्हे, पापण्या न मिटल्याने चुरचुरतात. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणाऱ्या पापण्या स्क्रीनसमोर पाच-सात वेळाच मिटतात, आणि त्याही अर्ध्या. वर एसीचा झोत चेहऱ्यावर असेल तर उरलेला ओलावाही उडतो. जागेवर बसून गालाजवळ टिश्यूची पट्टी धरा. ती हलली तर झोत तुमच्यावर आहे, फॅसिलिटीला एसीच्या पट्ट्या वळवायला सांगा. तो झोत घसाही कोरडा करतो, म्हणजे एका तक्रारीत दोन कामं. मॉनिटर बंद करून काळ्या पडद्यात पाहा. ट्यूबलाइट दिसली तर स्क्रीन थोडी खाली झुकवा किंवा वळवा.

वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहा, हा नियम तुम्ही ऐकला असेल. कॉलच्या मध्यात तो पाळणार कसा, आणि अलार्म लावायला मोबाइल लॉकरमध्ये. म्हणून सवय घड्याळाला नव्हे, कॉलला बांधा. होल्ड लावलं की दोनदा पापण्या पूर्ण मिटायच्या, खालच्या पापणीला टेकेपर्यंत. कॉल संपला की रॅप-अपचं टायपिंग सुरू करण्याआधी फ्लोअरच्या टोकाकडे पाहात दहा सेकंद, तेवढ्यातच एक घोट पाणी आणि खांदे सैल. दर चौथा-पाचवा कॉल वायर पुरेल तितकं उभं राहून घ्या. नुसत्या ‘बरोबर’ बसण्याने पाठ वाचत नाही, कितीही बरोबर बसलात तरी हलावं लागतं.

चुरचुर तरीही राहिली तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि स्क्रीनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून सांगा, म्हणजे त्या अंतरावर नंबर तपासतील. अर्ध्या नंबरचा सिलिंडर राहून गेला तरी संध्याकाळी डोळे थकतात. कृत्रिम अश्रूंचे थेंब विचारून घ्या. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. लाली घालवणारे थेंब आपल्या मनाने घालू नका, ते थांबवले की लाली दुपटीने परत येते.

टीएलकडे जाताना ‘तब्येत बरी नसते’ म्हणू नका, आकडा घेऊन जा. कॉलनंतरचे दहा सेकंद गुणिले पंचाहत्तर, म्हणजे नऊ तासांत साडेबारा मिनिटं. आवाजासाठी घेतलेल्या एका रजेत अख्खे पंचाहत्तर कॉल जातात. कॉलचा सरासरी वेळ, म्हणजे एएचटी, दहा सेकंदांनी वाढेल हे आधीच सांगा आणि सहा आठवडे तेवढी सूट मागा. ब्रेक वाढवून मागण्याऐवजी आहेत तेच तोडून मागा: ब्रिटनचं आरोग्य-सुरक्षा खातं सांगतं, की दोन तासांनी वीस मिनिटांपेक्षा दर तासाला पाच-दहा मिनिटं बरी. शिफ्टचं वेळापत्रक आखणारी डब्ल्यूएफएमची माणसं रोस्टर बिघडतं म्हणून कुरकुरतील, तेव्हा एकटीने न मागता रांगेतल्या चौघींनी मिळून मागा. दुर्बिणीत सूज किंवा गाठी निघाल्या, तर डॉक्टरांकडून नुसतं ‘विश्रांती’ नको. ‘दोन आठवडे बोलण्याचं काम नको’ असं लिहून घ्या. त्यावर चॅट किंवा ईमेलवर बदली मागता येते. मात्र तिथे डोळ्यांवर आणि खांद्यावर ताण वाढतो, तेव्हा माउस आणि अक्षरं आधी नीट करून घ्या.

आता क्षेत्र सोडण्याचं. सहा आठवडे थांबा. तपासणी, थेरपी, दोन्ही कानांचा हेडसेट आणि स्क्रिप्टमधले श्वास एवढं झालं, की सोमवार सकाळची पाळण्याची ओळ दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागली पाहिजे आणि आवाज बसण्याचा दिवस गुरुवारवरून पुढे सरकला पाहिजे. सरकला तर ही नोकरी तुमच्या घशाला झेपते. नाहीच सरकला, किंवा हेडसेट आणि जागा बदलून द्यायला कंपनी तयारच नसेल, तर ही जागा सोडा. पण क्षेत्र सोडायची गरज नाही. तीन वर्षांच्या अनुभवावर क्यूएची जागा मिळते, तिथे ऐकायचं असतं. फक्त बढती म्हणून ट्रेनरची जागा पुढे आली तर हरखून जाऊ नका. तीस जणांच्या वर्गासमोर, बहुतेक वेळा माइकशिवाय, सलग सहा तास बोलणं घशाला तुमच्या आजच्या कामापेक्षा जड जातं. ती जागा घ्यायचीच झाली तर सोमवारी आवाज स्वच्छ यायला लागल्यावर घ्या, आणि वर्गात कॉलर माइक मिळेल हे आधी लिहून घ्या.